बायकोला कळू देऊ नका, प्लीज

"शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. रात्री छानसं टेबल, फुलं आणि केक हवा. बायकोला सरप्राइज द्यायचंय, तेव्हा प्लीज गुपित ठेवा." खाली नाव, बस्स. हॉटेलच्या रिझर्व्हेशनच्या टेबलाशी बसून असे मेल मी भरपूर वाचले आहेत. लिहिणाऱ्याचा जीव त्यात किती अडकलाय ते लगेच कळतं. पण गुपित राखायला जे लागतं, नेमकं तेच मेलमध्ये नसतं.

मेल वाचणारा एक असतो आणि काम करणारे वेगळे. फुलं लावणारा, केक करणारा, टेबल मांडणारा, काउंटरवर स्वागत करणारी, सगळे निरनिराळ्या खात्यांतले आणि निरनिराळ्या शिफ्टचे. त्यांच्यापर्यंत निरोप जातो तो बुकिंगवर टाकलेल्या नोंदीतून. ती नोंद चेक-इन करताना स्क्रीनवर दिसते, सकाळी छापलेल्या अरायव्हल लिस्टवरही असते. आणि काउंटरवरच्या मुलीला शिकवलेलंच असतं, की वाढदिवस दिसला रे दिसला की शुभेच्छा द्यायच्या. नवरा ओळखपत्र शोधतोय, बायको शेजारीच उभी, आणि ती प्रसन्न हसून म्हणते, "हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी! आठचं टेबल तयार ठेवलंय." झालं! हॉटेलात गुपित फुटतं ते चहाडीने नव्हे, आपुलकीने.

काही वेळा तर माणसं पोचायच्या आधीच ते फुटतं. एका जोडप्याचं बुकिंग बाईंनी केलेलं, म्हणून नाव त्यांचं आणि मेलचा पत्ताही त्यांचाच. नवऱ्याने स्वतःच्या पत्त्यावरून गुपचूप मेल पाठवला. आमच्याकडच्या माणसाने बुकिंग उघडून 'विशेष विनंती'च्या रकान्यात केक आणि फुलं इमानदारीने भरली. मग सिस्टिमने तिच्या शिरस्त्याप्रमाणे सुधारित कन्फर्मेशन बुकिंगवरच्या पत्त्यावर धाडलं. बाईंचा उलट मेल आला, "केक आम्ही मागवला नव्हता, त्याचे पैसे लागणार का?"

म्हणून मेलमध्ये दोन-तीन वाक्यं जास्त खर्च करावीत. मला आवडला असता असा मेल साधारण असा: "बुकिंग नंबर अमुक, ते पत्नीच्या नावावर आहे. या डिनरबद्दल फक्त मला, याच पत्त्यावर लिहा. बुकिंगवरच्या फोनवर किंवा खोलीतल्या फोनवर काही विचारू नका. पाहुण्यांना जाणाऱ्या मेलमध्ये दिसेल अशी नोंद करू नका. चेक-इनला शुभेच्छा नकोत, खोलीत कार्ड किंवा फुलं नकोत. केक टेबलावर आला की मग मनसोक्त शुभेच्छा द्या. खर्च खोलीच्या बिलात न घालता माझ्या कार्डावर वेगळा घ्या, त्यासाठी काय करावं लागेल ते कळवा." आता निदान कुणापासून लपवायचं, कुठे लपवायचं आणि कधीपर्यंत, हे आम्हाला कळतं. बिलाचं वाक्य अनेकांना फाजील वाटतं. पण आधीच्या रात्रीपासून मुक्काम असेल, तर वाढदिवसाच्या सकाळी खोलीतल्या टीव्हीवर बिल उघडणारी माणसंही असतात. आणि केकची रक्कम आधीच चढवलेली असली की ती तिथे नावानिशी दिसते.

मेल आठवडाभर आधी टाकावा, आणि आदल्या दिवशी दुपारी त्याच उत्तराखाली एक ओळ लिहून उद्या ड्यूटीवर कोण आहे ते विचारावं. "नक्की करू, सर" एवढंच उत्तर आलं तर मी तरी निर्धास्त झोपणार नाही. टेबलाची वेळ, केकवरचा मजकूर आणि रेस्टॉरंटमधल्या माणसाचं नाव उलट आलं, म्हणजे निरोप खरंच खालपर्यंत झिरपलाय.

फुलांबद्दल लोक फक्त रंग लिहितात. मी उंची लिहा म्हणेन. टेबलावरची रचना बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खाली राहावी, नाहीतर दोघं सगळी संध्याकाळ गुच्छाच्या आडून डोकावत राहतात. लिलीचा वास ताटापर्यंत येतो आणि तिचे परागकण कपड्यावर पडले की डाग सहजी जात नाही. केकचा आकार दोघांपुरताच सांगावा, अ‍ॅलर्जी असेल तर ती अगदी पहिल्या ओळीत लिहावी आणि केकवरची नावं सुटी टाइप करून द्यावीत, कारण पेस्ट्रीवाला समोर येईल ते अक्षरशः उतरवतो. 'फक्त दोघांची नावं' असा मजकूर क्रीममध्ये लिहून आलेला मी पाहिलाय. तो केक मात्र त्या रात्री सगळ्यात जास्त हशा घेऊन गेला.

आणि हो, निघताना ती नोंद पाहुण्याच्या प्रोफाइलवरून काढायला सांगावी. नाहीतर पुढच्या वेळी हाच गृहस्थ ऑफिसच्या कामाला साहेबांबरोबर येतो, आणि काउंटरवरून तसंच प्रसन्न हसून विचारलं जातं, "या वेळीही केक आणि फुलं ठेवायची का?"