काऊनं घातलेला घोळ

लेकीला मराठी-इंग्रजी शब्द शिकवायला मी घरीच चित्रांचे कार्ड करतेय, मागच्या वेळी पहिले बारा झाले म्हणून मिरवलं होतं ना, त्यातलं गायीचं कार्ड काल मागं घेतलं. आपला नियम तुम्हाला माहितीय, वस्तू रोजच्या बघण्यातली पाहिजे आणि जमेल तिथं मराठी-इंग्रजीचा पहिला आवाज एकच. नाक-नोज, हात-हँड, बादली-बकेट मस्त चालले, आमची दीड वर्षाची लेक बादलीचं कार्ड उचलून थेट मोरीकडं पळते. गायीला तेवढा नियम मोडून गाय-काऊ केलं, कारण दारात रोज सकाळी भाकर खायला गाय येतेच.

तिथंच फसले. लेकीसाठी काऊ म्हणजे कावळा!

आधी कळलंच नाही. गाय आणि कावळा शेजारी ठेवून "काऊ कुठंय?" विचारलं की गायीवर हात, चार वेळा सलग, मी खूश. मग लक्षात आलं की गाय दरवेळी उजवीकडं होती आणि ही उजवीकडचंच उचलते. जागा बदलत बदलत सहा वेळा विचारलं, सहाही वेळा कावळा. (तुम्ही पण जागा बदलूनच बघा, नाहीतर कार्ड चाललं असं उगाच वाटतं.) आई म्हणाली, "अगं लेकराला येडं करायलीस का, गाय म्हणजे हम्मा." खरंय की, माझ्या यादीत हम्मा नव्हतंच, मी थेट गायीवर उडी मारली होती.

म्हणून कार्डाच्या मागं मोठ्यांसाठी बारीक अक्षरात लेकराचा शब्द टाकायचं ठरवलं, पुढं गाय, मागं हम्मा. इंग्रजी काऊ सध्या बंद, ती स्वतःहून गाय म्हणायला लागली की बघू. कावळा-क्रो मात्र राहणार, त्याचा क जुळतोच.

हे लिहिता लिहिताच सुचलं, गायीच्या जागी बैल का नको? बैल-बुल, ब ला ब. पण थांबा, बुल म्हणजे वळू, आपला पोळ्याचा बैल म्हणजे बुलक. शब्द जड आहे, तरी ती नुसतं बु म्हणाली तरी चालेल, प-ब-म हे ओठांचे आवाज लेकरांना लवकर जमतात. बस मात्र काढली, कार्ड दाखवून बस म्हणलं की ही खाली बसते.

लॅमिनेशनचं सांगायचं राहिलं. ८० मायक्रॉनचं दोन दिवसांत चावून सोललं, आता १२५ शिवाय नाही. दुकानवाल्यानं कागदाला लागून कापलं होतं, त्यामुळं लाळ आत गेली आणि कडा फुगल्या. म्हणून आता कागद आधी कापून नेते, चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक सोडायला लावते आणि कोपरे घरी गोल करते. बैलाचं चित्र आज रात्री काढते, शिंगांना बेगड लावलेलं.