शॉवरची धार परत आली: सायट्रिक अॅसिडचा अपडेट

तर मंडळी, कांदिवलीच्या फ्लॅटमधल्या शॉवरची धार बारीक झाली होती, तो अखेर सुटला. आधी एक टेस्ट केली, जी सगळ्यांनी करावी असं माझं मत आहे. शॉवरचं डोकं काढून भिंतीतून येणाऱ्या नुसत्या नळीखाली, म्हणजे आर्मखाली, 10 लिटरची बादली लावली, 55 सेकंदात भरली, डोकं लावून तीच बादली अडीच मिनिटांच्या वर गेली. म्हणजे प्रेशरचा दोष नाही, माल डोक्यातच अडकलाय. नुसत्या आर्मलाही वेळ लागला असता तर मग व्हॉल्व्ह, पाइप किंवा गीझरकडे बघावं लागलं असतं, अॅसिडमध्ये डोकं बुडवून काहीही झालं नसतं.

आता मुंबईत हे कुठून येतं? तानसा-भातसाचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस, त्यात क्षार तसे कमीच. पण आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी त्याच टाकीत पडतं, त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, दिसत नाही. गीझरमध्ये पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कॅल्शियम कार्बोनेट, जो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वर आंघोळ झाल्यावर भोकांत लटकलेले थेंब सुकतात आणि प्रत्येक थेंब आपला क्षार तिथेच ठेवून जातो. म्हणून भोकाच्या तोंडाशी ती पांढरी टोपी बसते.

किराणावाल्याकडून लिंबूसत्व आणलं, तेच सायट्रिक अॅसिड. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. उकळतं पाणी घेऊ नका, फार गरम आणि फार कडक द्रावणात कॅल्शियम सायट्रेट खाली बसतं आणि एक कचरा काढून दुसरा घालता. रबर वॉशर आणि आतली जाळी आधी काढून ठेवली. जाळीत गंजाचे कण आणि वाळू होती, वाळू अशा द्रावणात विरघळत नाही आणि गंजही पटकन जात नाही, जुन्या टूथब्रशनेच काढलं.

डोकं बुडवल्याबरोबर फसफस सुरू झाली, बुडबुडे भोकाभोकातून वर. ती थांबली की दोनच अर्थ, एकतर क्षार संपला नाहीतर अॅसिड संपलं. चमचाभर पावडर टाकून बघा, पुन्हा फसफसलं तर आत अजून माल आहे. माझं तासाभरात शांत झालं, मग सिलिकॉनची टोकं अंगठ्याने चोळली आणि दोन हट्टी भोकं सुईने मोकळी केली.

व्हिनेगरही चालतं, पण बाजारातलं 4-5 टक्क्यांचं असतं, वेळ जास्त लागतो आणि बाथरूमभर वास. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिकवालं लिक्विड मात्र अजिबात नको, क्रोम उडतं. आणि कुठलंही अॅसिड ब्लीचबरोबर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

आता बादली 70 सेकंदात भरते. एक भोक अजून तिरकं फवारतंय. पण डोक्यात इतका क्षार म्हणजे गीझरच्या एलिमेंटवर थर असणारच, मेन स्विच बंद करून गीझर इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घेणार आहे.