मसाल्याचं पान, पुढचा हप्ता: बेरीज दोन्ही बाजूंनी जुळते

जुन्या वहीत हाताने लिहिलेल्या काळ्या मसाल्याच्या कृतीचं पान फोटोवरून वाचणं चालू आहे. त्या पानावरच्या वजनांची बेरीज अखेर जुळली. पण दोन वेगवेगळ्या वाचनांनी जुळली, त्यामुळे डोकं आणखी फिरलं.

आधी हळदीचा डाग. फोटो गिंपमध्ये उघडून `Colors > Components > Decompose` मधून RGB थर वेगळे केले. पिवळा डाग लाल थरात जवळपास पांढरा होतो आणि निळी शाई काळी उठून दिसते. त्यामुळे डागाखालची ‘दगडफूल २ तोळे’ ही ओळ स्वच्छ वाचता आली. फोनमधलं ‘स्कॅन’ अ‍ॅप मात्र या कामाला नकोच. ते कागद पांढरा करण्याच्या नादात बारीक रेघाही पुसून टाकतं, आणि इथे सगळा हिशेब रेघांचाच आहे.

आता मुख्य अडचण. शेराच्या खुणेपुढची (ऽ, घाईत लिहिली की ८ वाटते) उभी रेघ म्हणजे पावशेर आणि आडवी म्हणजे छटाक, शेराचा सोळावा भाग, हे आपल्याला ठाऊक आहे. खोबरं ऽ।, तीळ ऽ=, मिरच्या ऽ=, जिरं ऽ-. दगडफूल २ तोळे, दालचिनी, लवंग आणि मिरे प्रत्येकी १ तोळा, म्हणजे सुटे ५ तोळे. तळाशी ‘एकूण ऽ१।’. अडलंय ते धण्यांवर. ते ऽ॥ आहेत की ऽ॥=? वहीची छापील रेघ नेमकी तिथूनच जाते, आणि तीही निळीच, म्हणून लाल थरातही राहते.

80 तोळ्यांचा पक्का शेर धरून ऽ॥= वाचलं, तर धणे 50, खोबरं 20, तीळ 10, मिरच्या 10, जिरं 5 आणि सुटे 5, मिळून 100 तोळे. सव्वा शेरही 100 तोळेच. एकदम चोख. ऽ॥ वाचलं तर 90 येतात, म्हणजे ऽ१=. ते तळाशी लिहिलेलं नाही.

इथेच थांबता आलं असतं. पण शेर 80 चाच होता हे पानावर कुठे लिहिलंय? मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा आणि त्याचे 40 शेर. म्हणजे शेर सुमारे 317.5 ग्रॅम, जवळपास सव्वासत्तावीस तोळे. हा शेर धरून धणे ऽ॥ वाचले, तर एकूण आणि बेरीज यांत सव्वा ग्रॅमचाही फरक राहत नाही! कारण सोपं आहे: या वाचनात सुटे ५ तोळे म्हणजे तीन छटाका व्हाव्या लागतात, आणि त्या शेराच्या तीन छटाका 5.1 तोळ्यांच्या भरतात. पहिल्या वाचनात तेच ५ तोळे एक छटाक होतात. म्हणजे नुसत्या बेरजेवर निकाल लागत नाही.

मग चवीचा दाखला घेतला. मुंबईच्या शेराने साडेतेरा तोळे धण्यांना एक तोळा लवंग पडते, म्हणजे सगळ्या मसाल्यात जवळपास तीन टक्के. भाजीत जीभ बधिर होईल. पक्क्या शेराने एक टक्का, जो काळ्या मसाल्याला शोभतो. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे.

पुरावा कागदातूनच मिळाला. मूळ वही पंचवटीत नातेवाइकांकडे आहे. त्यांना अंधाऱ्या खोलीत पान सपाट ठेवून, टॉर्च पानाच्या वरच्या कडेशी अगदी आडवा धरून फोटो काढायला सांगितलं. टॉर्च बाजूला धरला तर आडव्या रेघांची सावली पडत नाही, तो वरून किंवा खालूनच हवा. टाकाच्या दाबाने कागदावर चर पडतो, छापील रेघेने पडत नाही. नव्या फोटोत ॥ च्या पुढे दोन आखूड चर दिसतात, खालचा छापील रेघेवरच पडलेला. तेव्हा धणे ऽ॥=, शेर 80 तोळ्यांचा, तोळा 11.66 ग्रॅमचा.

आजच्या मापात: धणे 583 ग्रॅम, खोबरं 233, तीळ आणि मिरच्या 117-117, जिरं 58, दगडफूल 23, दालचिनी, लवंग, मिरे 12-12. आधी पूर्ण घाणा करायचा बेत होता, आता दहावा हिस्सा करू. तो बरोबर नवटाक, 10 तोळे भरतो. मात्र त्यात लवंग 1.2 ग्रॅम येते, आणि एका ग्रॅमच्या पायरीने दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा तिथे 1 किंवा 2 काहीही सांगेल. सराफ वापरतात तसला 0.01 ग्रॅमचा छोटा काटा लागेल. मोठ्या काट्यावरच भागवायचं असेल तर पाव घाणा करा, लवंग 3 ग्रॅम.

राहिलं मीठ: ‘१ निळवं’. यादीतल्या तमालपत्रासारखंच तेही बेरजेत नाही, कारण ते वजन नव्हे, भरण्याचं माप आहे, शेराचा सोळावा भाग. इथे 933 ला सोळाने भागून 58 ग्रॅम लिहू नका. मापी शेर वेगळा, आणि तो गावोगावी बदलायचा. कोष्टक लावायचा विचार सोडून दिलाय. भांडी बाजारात जुनं निळवं किंवा चिपटं मिळालं तर ते काठोकाठ पाण्याने भरून वजन करू, ग्रॅम तेवढे मिलिलिटर. चिपटं असेल तर चौथा हिस्सा. मग त्याच मापात खडे मीठ भरून तोलू. बारीक मीठ नको, ते त्याच मापात जास्त मावतं. मिठाचा आकडा येईपर्यंत नवटाक घाणा बिनमिठाचाच.