आमची वाटचाल: नवीन ताईंचा पहिला आठवडा आणि जोडीदारीण

आमचा चिवडा-फरसाणचा धंदा घरच्या ओट्यावरून सुरू झाला, आता छोटं युनिट आहे, आणि पॅकिंगच्या ताया तासावर येतात. दिवाळीच्या आधी नवीन भरती होते, तेव्हा प्रत्येक नवीन ताईला पहिला आठवडा आम्ही एक जोडीदारीण देतो. नवीन बाई मालकिणीला किंवा सुपरवायझरला काही विचारत नाही हो, संकोच वाटतो, पण शेजारी बसलेल्या ताईला हळूच विचारते.

जोडीदारीण निवडताना सगळ्यात फास्ट हात असलेली मी घेत नाही, कारण तिला थांबून दाखवायचा धीर नसतो, नवीन अडखळली की पाऊच हातातून घेऊन स्वतःच भरून टाकते. मला त्याच शिफ्टची, त्याच टेबलावरची, वर्ष-दीड वर्षापूर्वी लागलेली हवी, तिला स्वतःला काय काय अवघड गेलं ते अजून आठवत असतं. आणि आधी विचारायचं, जमेल का म्हणून, नाही म्हणाली तर आग्रह नाही. त्या आठवड्यात तिचं पाऊचचं टार्गेट कमी करतो आणि तासाला थोडे जास्त देतो, नाहीतर शिकवणं म्हणजे तिला भुर्दंडच.

आदल्या दिवशी चहाच्या वेळेला तिच्याशी नीट बोलते. पहिल्या दिवशी आधी बाथरूम, पाणी, डबा ठेवायची जागा, उशीर होणार असेल तर फोन कुणाला, आणि तास वहीत कसे लिहायचे, कारण पगार त्यावरच निघतो. मग काम: एकदा दाखव, एकदा सोबत कर, मग तिला करू दे आणि तू हात मागे ठेव. गरम सीलिंग पट्टीजवळ बोटं गेली किंवा दोन बॅचची लेबलं एकत्र आली तर मात्र लगेच थांबव. सीलिंगला एकटीने बसवायचं की नाही हे सुपरवायझर ठरवणार, ती जबाबदारी जोडीदारणीची नाही. आणि तिच्या चुका आम्हाला येऊन सांगायच्या नाहीत, तिथेच सुधारायच्या, चुगलीचा वास आला की नवीन बाई तोंड उघडतच नाही.

गेल्या सीझनला एका नवीन ताईचे २०० ग्रॅमचे पाऊच कमी भरत होते. काट्यावर आकडा बरोबर २०० दिसायचा त्यामुळे तिला कळेना, पण मधे लाइट गेली होती आणि काटा परत चालू झाल्यावर रिकाम्या पाऊचचं वजन वजा करायचं राहिलं होतं. जोडीदारणीने पाऊच उचलून रिकामा काटा बघितला, तिथे शून्य होता, दिसायला हवं उणे ६, कारण आमचं पाऊच ६ ग्रॅमचं. म्हणजे प्रत्येक पाकिटात माल ६ ग्रॅम कमी! लाइट गेल्यानंतर भरलेले सगळे दोघींनी मिळून परत तोलले. तेव्हापासून लाइट आली की आधी उणे ६ बघायचं, हे मी प्रत्येक जोडीदारणीला आदल्या दिवशीच सांगते.

शनिवारी तिघी बसतो, नवीन ताईने सलग तासभर वजन आणि सील बरोबर केलं असेल तर सोमवारपासून ती एकटी, नाहीतर जोडी अजून दोन दिवस, आणि जास्तीचे पैसेही तोपर्यंत चालू.