टँकरचं पाणी लिटरला कितीला पडलं?

एप्रिलचा हिशोब सोसायटीच्या फळ्यावर लावला आणि संध्याकाळीच खालच्या मजल्यावरचे एक सभासद दारात. "टँकर दहा हजार लिटरचा, चौदाशे रुपयांचा. म्हणजे लिटरला चौदा पैसे. तुम्ही 17.4 पैसे कुठून काढलेत?"

प्रश्न रास्तच होता. आणि माझं उत्तरही चुकीचं निघालं, पण ते पुढे.

आमची सोसायटी उंड्रीत, 24 फ्लॅट. 2017 साली गाव पुणे महापालिकेत आलं, पण उन्हाळ्यात बोअर आटली की वापराच्या पाण्याला टँकरशिवाय पर्याय नसतो. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी आहे, त्यामुळे जमिनीखालच्या मोठ्या टाकीत एप्रिलभर फक्त टँकरचंच पाणी होतं. खजिनदारपद माझ्याकडे नुकतंच आलं होतं, आणि दहा हजार लिटर खरंच दहा हजार असतात का, हे मला बघायचं होतं.

टँकरच्या पत्र्यावर लिहिलेल्या आकड्याशी भांडून काही होत नाही, आपली टाकी मोजायची. आमची आतून 5 मीटर लांब, 3 मीटर रुंद. म्हणजे पाणी 1 सेंटीमीटर वाढलं की 150 लिटर आले. अॅल्युमिनियमची एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा केल्या. पट्टीला खडू घासून ती तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि वर काढायची. खडू जिथपर्यंत ओला, तिथपर्यंत पाणी. बॅटरीच्या उजेडातसुद्धा रेघ स्वच्छ दिसते. टँकर रिकामा होईपर्यंत वर चढवायची मोटर मात्र बंद हवी. पहिल्या दिवशी वॉचमनने ती चालू ठेवली आणि मी उगाच टँकरवाल्याला चोर ठरवून बसलो.

दहा हजार लिटर आले तर पाणी जवळजवळ 67 सेंटीमीटर वाढायला हवं. महिनाभर सरासरी भरली 60. म्हणजे 9,000 लिटर. उरलेले हजार लिटर गेले कुठे?

याचं उत्तर गेटजवळच सापडलं. आमचा रस्ता उंच आणि आवार खाली, मध्ये उतार. टँकर तोंड पुढे करून आत येतो, म्हणजे त्याचं नाक खाली आणि शेपूट वर. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह असतो मागे. मागचं पाणी संपलं तरी पुढच्या बाजूला साचलेलं तसंच राहतं. त्यात टाकी रिकामी होत आली की दाब कमी होऊन धार बारीक होते आणि शेवटच्या पाण्याला फार वेळ लागतो. ड्रायव्हरला पुढची खेप असते, तो व्हॉल्व्ह बंद करतो आणि आपलं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. टँकरमालकाला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी खेपेचे पैसे घेतो, लिटरचे नाही." खरंच आहे ते. अंतर, डिझेल, ड्रायव्हर, सगळं त्या एका खेपेत धरलेलं असतं. वर चहापाण्याचे 50 रुपये आम्ही ड्रायव्हरला देतो, म्हणजे दारात पोचलेली खेप 1,450 ला पडते.

एप्रिलमध्ये 26 खेपा झाल्या. खर्च 37,700 रुपये. मोजून आलेलं पाणी 2,34,000 लिटर. त्यातलं थोडं आमच्या डोळ्यांदेखत गटारात गेलं. 150 सेंटीमीटरला आमच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं भोक आहे. तीनदा टँकर आला तेव्हा पाणी आधीच 102 वर होतं. 48 सेंटीमीटर मावलं आणि उरलेलं 12 सेंटीमीटरचं, म्हणजे 1,800 लिटर, वाहून गेलं. तीन वेळचे 5,400. ते वजा केले की हाती लागलेलं पाणी 2,28,600 लिटर.

इथपर्यंत मी बरोबर होतो. पुढे मी विचार केला की 1 तारखेला टाकीत 40 सेंटीमीटर पाणी होतं, 30 तारखेला 120 आहे. म्हणजे 80 सेंटीमीटर, 12,000 लिटर, वापरलंच नाही. मग तेही वजा करून 2,16,600 ने 37,700 ला भागलं आणि 17.4 पैसे फळ्यावर लावले.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बँकेतून निवृत्त झाल्यात. जिन्यात उभ्या राहूनच त्यांनी हिशोब वाचला. "अहो, गटारात गेलेलं पाणी आणि टाकीत उरलेलं पाणी एका रकान्यात कसं टाकलंत? एक नुकसान आहे, दुसरी अखेरची शिल्लक. ते बारा हजार तुम्ही मेमध्ये वापरणार ना? मग त्याचे पैसे एप्रिलच्या माथी मारलेत, तर मेमध्ये पाणी फुकट आलं असं दिसेल."

मी वरमलो. भाव काढताना फक्त परत न मिळणारं पाणी वजा करायचं. टाकीत राहिलेलं पाणी त्याच भावाने पुढच्या महिन्यात ओढायचं. म्हणजे 37,700 भागिले 2,28,600, लिटरला साधारण 16.5 पैसे. मोटरची वीज मी यात धरली नाही, कारण पाणी बोअरचं असो की टँकरचं, वर चढवायला ती लागतेच.

तळाच्या 20 सेंटीमीटरवरूनही थोडा वाद झाला. फूटव्हॉल्व्ह त्या उंचीवर आहे, त्याखालचं पाणी मोटर खेचत नाही. ते 3,000 लिटर दर टँकरमागे वाया गेले असं काहींना वाटत होतं. पण तळ एकदा भरला की भरला. टाकी धुवून काढली की तेवढं पाणी जातं, आणि ते त्या धुण्याच्या खर्चात धरायचं.

मेमध्ये दोनच बदल केले. टँकर रिव्हर्स घेऊन आत घ्यायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उताराच्या खालच्या बाजूला येतो. ड्रायव्हर कुरकुरले, रस्त्यावर वाहनं थांबवायला वॉचमनला उभं राहावं लागलं, पण पट्टीवर 64 सेंटीमीटर दिसू लागले. 9,600 लिटर, म्हणजे 15.1 पैसे. दुसरं, पट्टीवर 85 ला लाल रंगाची रेघ मारली. पाणी तिच्या वर असेल तर टँकर आत घ्यायचा नाही. आमच्याकडे दिवसाला 48 सेंटीमीटर उतरतं, त्यामुळे सकाळी 110 असलं तरी संध्याकाळच्या टँकरला फोन करायला हरकत नाही. पाहुणे येणार म्हणून एका घरातून फारच आग्रह झाला तेव्हा पाच हजारांचा छोटा टँकर मागवला. 950 रुपयांत 4,500 लिटर, लिटरला 21 पैसे. महाग वाटतो, पण टाकीत तेवढीच जागा होती आणि मोठा टँकर घेतला असता तर तेच 4,500 लिटर 32 पैशांनी पडले असते.

दुरुस्त केलेला हिशोब फळ्यावर लागला त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू भेटायला आले. त्यांनी 30 एप्रिललाच घर सोडलं होतं आणि टँकरचे 1,571 रुपये भरून झाले होते. "टाकीत बारा हजार लिटर शिल्लक होतं, त्यात माझा चोविसावा हिस्सा आहे ना?" मी कॅल्क्युलेटर काढला. बारा हजार लिटरचे 1,980 रुपये, त्यांचा वाटा साडेब्याऐंशी. त्र्याऐंशी दिले. त्यांनी पन्नास पैसे परत द्यायला खिसा चाचपला आणि मग स्वतःच हसले.