दहा हजार वाटा आणि चौऱ्याऐंशी टक्के

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली. 58 व्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं. पेन्शन मिळणार ती किराण्यालाही पुरणार नाही एवढीच, म्हणून ती मी हिशेबात धरलीच नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, म्युच्युअल फंड आणि एक प्लॉट विकून आलेले पैसे असे सगळे मिळून 1 कोटी 30 लाख रुपये होते. घरखर्च महिन्याला 40,000, म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार. 88 व्या वर्षापर्यंत, म्हणजे तीस वर्षं, हे पैसे पुरतील का, एवढाच प्रश्न होता.

आधी मी साधा हिशेब केला. निम्मे पैसे शेअर बाजाराच्या फंडात, निम्मे व्याजाच्या साधनांत. एकीकडे 12 टक्के, दुसरीकडे 7, सरासरी साडेनऊ. महागाई 6 टक्के. दरवर्षी नेमके साडेनऊ मिळत गेले तर 88 व्या वर्षी साडेपाच कोटी शिल्लक दिसत होते. आजच्या किमतीत ते 96 लाखांच्या आसपास. मी निर्धास्त झालो.

मग एका सल्लागाराकडून अहवाल करून घेतला. त्याच रकमा, तेच खर्च, पण शेवटी आकडा होता: सक्सेस प्रोबॅबिलिटी 84 टक्के. सल्लागार म्हणाला, "सर, चौऱ्याऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन!" घरी आल्यावर बायकोनं अहवाल शांतपणे वाचला आणि विचारलं, "अहो, मग उरलेले सोळा टक्के कोणते? त्यात आपण असलो तर काय होतं?"

त्याचं उत्तर अहवालात कुठंच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. म्हणून ठरवलं, असा आकडा ज्या पद्धतीनं काढतात ते यंत्र स्वतः बांधून बघायचं.

ह्या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात, मोनॅकोतल्या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या भागावरून. 1946 मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती आजारातून बरा होत असताना एकट्यानं पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावं, असं त्याच्या मनात आलं. आपल्या निवृत्तीचंही तसंच. तीस वर्षांचा बाजार कसा जाईल हे कुणालाच माहीत नाही, म्हणून तीस-तीस वर्षांचे हजारो काल्पनिक बाजार मांडायचे आणि कितींमध्ये पैसे पुरले ते मोजायचं.

एक्सेलमध्ये तीस ओळी घेतल्या, वर्षाला एक. B मध्ये वर्षाच्या सुरुवातीची रक्कम, C मध्ये खर्च, D मध्ये त्या वर्षीचा परतावा, E मध्ये वर्षअखेरची शिल्लक. परताव्याची सरासरी साडेनऊ टक्के आणि प्रमाण विचलन 10 धरलं. म्हणजे तीनपैकी दोन वर्षं साधारण उणे अर्धा ते साडेएकोणीस टक्के ह्या पट्ट्यात पडणार, बाकीची त्याबाहेर.

```
D2: =NORM.INV(RAND(),0.095,0.10)
E2: =MAX(0,B2-C2)*(1+D2)
B3: =E2
C3: =C2*1.06
```

ह्या ओळी खाली 31 व्या ओळीपर्यंत ओढल्या की एक वाट तयार होते. E31 शून्याच्या वर असेल तर ती वाट यशस्वी. Data Table वापरून, इनपुटला एक रिकामा सेल देऊन, अशा दहा हजार वाटा काढल्या.

पहिल्यांदा उत्तर आलं 61. अहवालात 84 आणि माझ्याकडे 61, दोन रात्री मी चूक शोधत होतो. शेवटी सगळ्या वाटांची शिल्लक चढत्या क्रमानं लावली तेव्हा ती दिसली. खाली चार हजार शून्यं आणि वरच्या टोकाला हजार कोटींच्या पुढचे आकडे! मी परतावा एकाच सेलमध्ये काढून तोच तीसही वर्षांना जोडला होता. म्हणजे एखाद्या वाटेला तीस वर्षं सलग 25 टक्के, दुसरीला तीस वर्षं सलग उणे पाच. दरवर्षी नवा परतावा निघायला हवा. ते सुधारलं आणि 84 आले. नवे परतावे काढायला पुन्हा पुन्हा F9 दाबलं तरी आकडा 83.5 ते 84.5 च्या बाहेर फारसा जात नव्हता.

मग मी बायकोच्या सोळा टक्क्यांकडे वळलो. फसलेल्या वाटा एकेक करून उघडल्या. त्यातली एक अजून माझ्या वहीत आहे. पहिल्या तीन वर्षांचे परतावे उणे 6, अधिक 1, उणे 9. एक कोटी तीस लाखांतून 4.8 लाख काढले, उरलेल्यावर सहा टक्के तोटा, शिल्लक 117.7 लाख. पुढच्या वर्षी महागाईनं वाढलेला खर्च काढला, एक टक्का मिळाला, 113.7. तिसऱ्या वर्षाअखेर 98.6 लाख. आणि चौथ्या वर्षाचा खर्च आता 5.72 लाख झालेला. सुरुवातीला माझी पुंजी वर्षाच्या खर्चाच्या 27 पट होती, ती तीन वर्षांत 17 पटींवर आली. इथून पुढे सत्तावीस वर्षं नेमके साडेनऊ टक्के मिळाले असं धरलं, तरी पैसे 85 व्या वर्षी संपतात.

आता हेच तीस परतावे उलटे लावले. आधी सत्तावीस वर्षं साडेनऊ, आणि ती तीन वाईट वर्षं अगदी शेवटी. शेवटी हातात साडेतीन कोटींहून जास्त उरले. परतावे तेच, सरासरी तीच, फक्त क्रम बदलला.

हे मी सावद्याला मेहुण्याला सांगितलं. त्याची केळी आहे. त्याला एक क्षणही समजवावं लागलं नाही. तो म्हणाला, "जिजाजी, कर्ज काढून बाग लावली आणि पहिल्याच वर्षी जूनच्या वादळानं घडासकट आडवी झाली, तर पुढची चार वर्षं भाव कितीही चांगला मिळू दे, माणूस वर येत नाही. तेच वादळ कर्ज फिटल्यावर आलं तर सोसतं." पैसे काढत असताना तोटा झाला की पुढे वाढायला रक्कमच उरत नाही. साध्या सरासरीच्या हिशेबात हे दिसतच नाही. हजारो वाटा मांडण्याचा खरा फायदा मला इथं कळला.

पण मग त्या 84 वर किती विसंबायचं? मी सरासरी परतावा साडेनऊच्या जागी साडेआठ केला, बाकी काही हात लावला नाही. 84 चे 70 झाले. परतावा परत जागेवर आणला आणि महागाई 6 ची 7 केली. पुन्हा 70 च्या आसपास. वाटा दहा हजारांऐवजी एक लाख केल्या तर आकडा फक्त दशांशात हलतो, आणि एका टक्क्याच्या अंदाजानं तो चौदानं पडतो. पुढच्या तीस वर्षांची सरासरी साडेनऊ असेल की साडेआठ, हे छातीठोकपणे कोण सांगणार? वाटांची संख्या वाढवून फक्त मोजणी अचूक होते, मूळ अंदाज होता तिथंच राहतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. 2007 अखेरीस सेन्सेक्स 20,287 वर होता, 2008 अखेरीस 9,647 वर. निम्मे पैसे शेअरमध्ये असणाऱ्याची एकूण पुंजी त्या एका वर्षात बावीस टक्क्यांच्या आसपास घसरली असती. माझ्या शीटमधल्या घंटेच्या आकाराच्या वितरणात एवढं वाईट वर्ष हजाराहून जास्त वर्षांतून एकदा येतं. मी ते नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे माझं यंत्र मोठ्या पडझडीला फार दुर्मीळ समजत होतं, आणि सल्लागाराच्या अहवालात कोणतं वितरण वापरलं हे लिहिलेलंही नव्हतं.

तेव्हा 84 टक्के म्हणजे आमचं भविष्य नव्हे. अमुक सरासरी, अमुक चढउतार, अमुक महागाई धरली आणि खर्चात कधीच बदल केला नाही, तर शंभरातल्या चौऱ्याऐंशी काल्पनिक वाटांवर 88 व्या वर्षी एक रुपया तरी उरला, एवढंच ते विधान आहे. एक रुपया उरलेला आणि दहा कोटी उरलेले, दोघंही त्यात पास. 63 व्या वर्षी संपलेले आणि 87 व्या वर्षी संपलेले, दोघंही नापास. माझ्या सुमारे 1,600 फसलेल्या वाटांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त वाटांवर पैसे 83 वर्षांच्या पुढे संपत होते. हे कळल्यावर बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला.

तिनंच पुढचा प्रश्न काढला. "पण पैसे आटताना दिसत असतील तर आपण तसाच खर्च कशाला करत राहू?" शीट मात्र तेच करत होती. फसलेल्या वाटेतला माणूस 98 लाखांवर आला तरी दरवर्षी सहा टक्के वाढवून पैसे काढतच राहतो. म्हणून वहीतली तीच वाट पुन्हा घेतली आणि चौथ्या वर्षापासून खर्च दहा टक्क्यांनी कमी केला, आजच्या किमतीत 40,000 चे 36,000. पुंजी खर्चाच्या 19 पटींवर आली. उरलेल्या सत्तावीस वर्षांना साडेनऊ टक्क्यांनी सव्वाअठरा पट लागते. वाट तरली. महिन्याला चार हजार कुठून कमी होतील, ह्यावर आम्ही दोघं एका संध्याकाळी बसलो. प्रवास आणि लग्नकार्यातल्या देण्याघेण्यातून ते निघतात. औषधांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं.

अहवालाचा आकडा आम्ही आता बघत नाही. दर जानेवारीत एक भागाकार करतो: एकूण पुंजी भागिले येत्या वर्षाचा खर्च. शेजारी, उरलेल्या वर्षांना किती पट लागते ते लिहितो, आणि ते साडेनऊ नव्हे, साडेआठ टक्के धरून. पुंजीची पट त्याच्या खाली गेली की त्या वर्षी दहा टक्के कपात, वर आली की पुन्हा पूर्ण खर्च. पहिल्या जानेवारीत पट आली 26.1, लागत होती 21.3. बायकोनं दोन्ही आकडे वहीत लिहिले, खाली तारीख टाकली आणि विचारलं, "मग मार्चमध्ये आईला घेऊन पंढरपूरला जायचं ना?" मी तिकिटं काढली.