नागपूर ते चिखलदरा, भर पावसाळ्यात: रिसॉर्टचं बुकिंग असलेल्यांसाठी रस्त्याचा वृत्तांत

नागपूरहून चिखलदरा साधारण २३० किलोमीटर. त्यातले पहिले दोनशे किलोमीटर पावसाळ्यातही फारसे त्रासाचे नाहीत. कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत अमरावतीपर्यंत महामार्ग चांगला आहे. पुढे वलगाव, आसेगावचा पूर्णेवरचा पूल ओलांडून परतवाडा. खरा प्रवास सुरू होतो तो परतवाड्याच्या पुढे. शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये गाडी जवळपास ७०० मीटर वर चढते, आणि दरड, धुकं, निसरडं, जे काही व्हायचं ते याच पट्ट्यात होतं. म्हणून बुकिंग कोणत्या तारखेचं आहे यापेक्षा हा पट्टा कोणत्या दिवशी आणि किती वाजता ओलांडायचा, हे आधी ठरवा.

इथे दरड कोसळते म्हणजे बहुतेक वेळा अख्खा डोंगर खाली येत नाही. हा काळ्या पाषाणाचा डोंगर आहे, लाव्हाच्या थरांवर थर बसलेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लालसर, मऊ मातीचा पट्टा दिसतो. पावसाचं पाणी खडकाच्या उभ्या भेगांतून उतरतं, या लाल पट्ट्यापाशी अडतं आणि माती फुगवतं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असल्यामुळे त्या भेगाळलेल्या खडकाला समोरून आधार नसतो. माती सैल झाली की वरचे दगड सुटतात आणि त्यांच्यामागून मुरूम आणि झाडं येतात. पाणी भेगांतून उतरायला वेळ लागतो, त्यामुळे दगड पाऊस चालू असतानाच पडतात असं नाही. पाऊस थांबून ऊन पडल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारीही पडतात. ‘आज उघाड आहे, निघू या’ हा हिशेब घाटात चुकतो तो इथे. आजचं आभाळ बघण्याआधी मागच्या दोन दिवसांत वर किती पाऊस झाला ते विचारा. नागपूरच्या आभाळाचा तर इथे काहीच संबंध नाही.

तो आकडा कुठे मिळतो? अंदाजासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं बुलेटिन बघा, त्यात अमरावती जिल्ह्याचा रंग दिलेला असतो. झालेल्या पावसासाठी कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय नोंद मिळते. तिथे चिखलदरा मंडळ बघा, परतवाडा किंवा अमरावती नाही. नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी धरतात, म्हणून ‘आजचा’ आकडा मुख्यतः कालच्या पावसाचा असतो. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार आणि ११५.६ च्या वर अतिमुसळधार. आमचा ठोकताळा असा: चिखलदऱ्याला एका दिवसात १०० च्या वर पडला, किंवा सलग दोन दिवस साठच्या वर पडला, तर पुढचा एक पूर्ण दिवस घाट चढायचा नाही. हा सरकारी नियम नव्हे, रस्ता बघून बसवलेला अंदाज आहे. पाऊस याच्या खाली असला तरी ताजे दगड दिसले तर परत फिरायचंच.

समजा तुमचं बुकिंग शुक्रवार ते रविवार आहे. बुधवारी बुलेटिनमध्ये अमरावती जिल्ह्याला गुरुवारसाठी ऑरेंज आणि शुक्रवारसाठी यलो दिसतो. त्याच संध्याकाळी रिसॉर्टला फोन करून तारीख एक दिवस पुढे सरकवण्याची शक्यता सांगून ठेवा; रद्द करण्याचं बोलू नका. शुक्रवारी नोंद येते १२० मिलिमीटर. नागपुरात लख्ख ऊन असलं तरी निघायचं नाही, मुक्काम शनिवार ते सोमवार करून घ्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फोन करून तीन गोष्टी विचारा: आज एसटी वर आली का, धामणगाव गढीच्या बाजूचा रस्ता दोन्ही लेन मोकळा आहे का, आणि आज रस्त्यावर ताजे दगड पडले का? ‘रस्ता चालू आहे ना?’ एवढंच विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ येतं, कारण जेसीबीने एक लेन मोकळी केली की रस्ता चालूच म्हणतात. शनिवारी सकाळी सहाला निघा, नऊच्या सुमारास अमरावतीत चहाला थांबा आणि रात्री वर किती पाऊस झाला ते पुन्हा विचारा. रात्रभर नुसती रिपरिप असेल तर पुढे चला. रात्रीही जोरात झाला असेल तर अमरावतीतच मुक्काम करा किंवा परत फिरा. अमरावतीनंतर निर्णय बदलायला परतवाडा हा एकच सोयीचा थांबा उरतो. तिथे लॉज, पेट्रोल पंप, एटीएम, दवाखाने सगळं आहे. पुढे यातलं फारसं काही हाती लागत नाही.

तारीख सरकवायची सोय बुकिंग करतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. किती तास आधी कळवलं तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होते, ऑरेंज किंवा रेड असेल तर वेगळा नियम आहे का, आणि घाट बंद पडून वर अडकलो तर जास्तीच्या रात्रीचा दर काय, हे तिन्ही मुद्दे त्यात हवेत. तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि अडचण नेमकी तिथेच येते. परतीचा दिवसही एक दिवस लवचीक ठेवा. सोमवारी सकाळी नागपुरात हजर राहणं भागच असेल, तर रविवारी दुपारी घाट उतरायचा बेत धोक्याचा आहे, कारण घाट बंद मिळाला तरी माणूस घाई करतो. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि थोडी रोख जवळ ठेवा. वर वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदम जाऊ शकतात, मग ऑनलाइन पैसे जात नाहीत.

घाट चढायची चांगली वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. सकाळी लवकर आणि चारनंतर धुकं इतकं दाट उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवा काय तो दिसतो. धुक्यात लो बीम ठेवा, हाय बीमने समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला गाडी थांबली आहे असं वाटतं आणि वळायचा इशाराही देता येत नाही. वळणावर हॉर्न द्या आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत.

चढताना एक नजर डोंगराच्या बाजूच्या नालीवर ठेवा. नालीतून स्वच्छ पाणी वाहतंय, ठीक. ती मुरमाने बुजून पाणी रस्त्यावर आलंय, तर वरून काहीतरी सुटायला लागलंय. कापलेल्या कड्यातून पाझरणारं पाणी एकाएकी गढूळ लाल झालं, किंवा वाहता झरा अचानक थांबला, तर तिथे क्षणभरही थांबू नका. पाणी आत कुठेतरी तुंबलं आहे. डांबरावर मुठीएवढे, ताज्या कडांचे, न भिजलेल्या फिक्या बाजूचे दगड दिसले तर ते नुकतेच पडलेले आहेत. दरीच्या बाजूला डांबरात रस्त्याला समांतर लांब भेग दिसली तर साईडपट्टीवर गाडी घालू नका, खालचा भराव खचत असतो. धबधब्याजवळ फोटोसाठी गाडी लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण जिथे पाणी कड्यावरून थेट रस्त्यावर पडतं, तिथेच दगडही पडतात.

समोर दरड आलेली असेल तर रांगेत जाऊन उभं राहू नका. ती रांग बहुतेक वेळा त्याच कापलेल्या कड्याखाली लागते, आणि पहिल्या दरडीनंतर दुसरी येण्याची शक्यता जास्त असते. ढिगाऱ्यावरून पायी पलीकडे जाऊ नका. गाडी वळवता येते तोवर वळवा, खाली उतरा आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर कळवा. घटांगवरून दुसरा रस्ता आहे, पण तो लांब आहे, जंगलातून जातो आणि त्याच पावसात भिजलेला असतो. विचारल्याशिवाय तिकडे गाडी घालू नका, आणि अंधारात तर नाहीच. नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, आणि पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही ते वरून कळत नाही.

वर पोहोचल्यावरच्या पायवाटांचं. इथला काळा दगड गुळगुळीत असतो, आणि सावलीतल्या पायऱ्यांवर जुलैपासून हिरवट-काळं शेवाळ धरतं. ओलं असताना ते दगडासारखंच दिसतं, पाय टाकल्यावरच कळतं. म्हणून पायरीवर आधी चवडा घासून बघा, सरकला तर कडेच्या गवतावरून किंवा खडबडीत भागावरून चला. उतरताना आडवं उभं राहून छोटी पावलं टाका. क्रॉक्स, सपाट चपला आणि तळ झिजलेले स्पोर्ट शूज, तिन्ही इथे कामाचे नाहीत. खोल खाचांचा रबरी तळ हवा. सोबत वयस्कर मंडळी असतील तर पार्किंगजवळची तळमजल्याची खोली मागा, आणि पायऱ्यांवर काथ्याच्या चटया किंवा जाळी टाकली आहे का ते विचारा. नुसतं ‘पायऱ्यांना रेलिंग आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण पाय तळातून सुटतो तेव्हा रेलिंग धरायला वेळच मिळत नाही.

भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट या सगळ्या ठिकाणी कठड्याच्या आतच राहा. कठडा नाही तिथे काठापासून तीन मीटर मागे. पावसाळ्यात गवत काठाच्या पुढे लोंबतं, त्यामुळे जमीन कुठे संपते ते दिसत नाही, आणि टोकाची भिजलेली माती माणसाच्या वजनाने सुटते. गाविलगडाच्या पायऱ्या आणि बुरूज पाऊस चालू असताना टाळलेलेच बरे. तिथे एक दिवस उघाड मिळाल्यावरच जा, आणि गडगडाट ऐकू आला की उघड्या पठारावरून लगेच खाली या. विजेच्या सूचनेसाठी दामिनी ॲप फोनमध्ये आधीच घेऊन ठेवा.

नकाशाही नागपुरातच ऑफलाइन उतरवून घ्या. परतवाड्याहून निघताना रिसॉर्टला निघाल्याची वेळ कळवा आणि दीड-दोन तासांत पोहोचलो नाही तर चौकशी करा, असं स्पष्ट सांगा. घाटात फोन लागत नाही, तेव्हा वरून शोधायला कोणी निघेल ते या एका निरोपामुळेच.